बशीतला चहा आणि आत्याबाई

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला तेव्हाच बोलणार होते, पण मागे मामांचं खोकणं ऐकू येत होतं. घरातलं घरात ऐकू गेलं की निम्मं भांडण तिथंच पेटतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

तू लोणीला ड्युटीवर असतेस, पोर दिवसभर आत्याबाईंकडे. चार वाजता मामांचा चहा होतो, मामा बशीत ओततात, फुंकर घालतात आणि पोरगं मांडीवर बसून त्यात बिस्किट बुडवतं. तू आल्यावर ते भाकरीला हात लावत नाही. तू म्हणतेस, "चहा देऊ नका", त्या म्हणतात, "एवढ्याशानं काय होतंय, आमची नाही का वाढली?" कोल्हारात हे फक्त तुझ्याच घरी आहे असं नाही, आमच्या गल्लीत मोजून बघ.

आधी हिशेब कर, म्हणजे बोलताना पाय घसरायचा नाही. ग्लुकोज बिस्किटाच्या पाकिटाच्या मागे वाच, १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम साखर सापडेल. चार बिस्किटं म्हणजे चमचाभर साखर, चहातली आणखी चमचाभर. पोटात गेलेली ऊर्जा अर्ध्या भाकरीहून जास्त. अडीच वर्षांच्या पोटाला सात वाजता भूक लागणार कुठून? ते हट्टी नाही गं, पोट भरलेलं आहे. दुसरं म्हणजे चहातलं टॅनिन. मेथी, बाजरी, डाळ यांतलं लोह ते नीट अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर तीन पोरांत दोघांच्या अंगात रक्त कमी निघालं. ते चहानंच झालं असं मी म्हणत नाही, पण रक्त आधीच कमी असलेल्या पोराला चहा कशाला?

आता हे सगळं आत्याबाईंना ऐकवायचं नाही. हे तुझ्या मनाच्या खात्रीसाठी. त्यांना "टॅनिन" म्हणालीस की त्या ऐकतात ते एवढंच, की तुम्ही माझ्या नवऱ्याला नीट वाढवलं नाहीत. त्या चहावर चिडत नाहीत, या आरोपावर चिडतात.

म्हणून पहिलं बोलणं दाजींनी करायचं. आई त्यांची आहे. तू बोललीस तर सून बोलली, लेक बोलला तर पोटचा बोलला, हा फरक आपल्याकडे अजून आहे आणि तो एका रात्रीत जाणार नाही. दाजी "मी बघतो" म्हणून गप्प बसत असतील, तर आधी तुमचं दोघांचं एकमत होऊ दे. नवराबायकोत फट दिसली की आजी त्यातून अलगद पोराला घेऊन जाते. वेळ चार वाजताची नको, पोरासमोर नको, पाहुणे आणि भावकी बसलेली असताना तर मुळीच नको. रात्री भांडी झाल्यावर, ओट्यावर वारा खाताना. आणि सुरुवात विचारण्यानं: "आई, हा संध्याकाळी जेवत नाही, तुला काय वाटतं, का असेल?" त्यांना स्वतःहून दिसेल. नाही दिसलं तर मग सांगायचं.

सांगताना "बंद करा" म्हणू नकोस, बदली दे. पोराला चहा हवाय असं तुला वाटतं का? त्याला मामांची मांडी आणि ती बशी हवीय. तीच बशी, तीच फुंकर, त्यात कोमट दूध, वेलदोड्याची चिमूट. बिस्किटाऐवजी पिकलं केळं, नाहीतर भाकरीचा कुस्करा दुधात. आणि वेळ जमेल तर साडेतीनलाच. पहिले आठ-दहा दिवस पोर "च्या" म्हणून भोकाड पसरेल. त्या रडण्यालाच मामा विरघळतात, ते त्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी "बघ, पोर रडवलं" असं व्हायचं नाही. मामांनी स्वतःचा चहा त्या दहा दिवसांत पोर झोपलेलं असताना घेतला तर फार बरं.

पण एकावेळी एकच नियम. तू फोनवर मला नऊ सांगितलेस! तेल, टोपी, काजळ, झोप, कार्टून... काजळ डोळ्यांत नको, तीट म्हणून गालाला लावू दे. टोपीचं सोड. दुपारी अर्धा तास जास्त झोपलं तर सोड. पौषात भगवतीमातेच्या यात्रेला मामांनी रेवड्या, जिलेबी चारली तर त्या दिवशी तोंड फिरव. आजोबानं यात्रेत लाड करायचे नाहीत तर कधी? रोजचं आणि सणाचं वेगळं ठेवलंस की रोजच्यावर तुझा शब्द वजनदार होतो.

तीन गोष्टींत मात्र वाकू नकोस, मग त्या कितीही रुसू देत. एक, अख्खे शेंगदाणे. आपल्याकडे ओंजळीत भाजलेले दाणे देतातच. चार-पाच वर्षांखालच्या पोराच्या श्वासनळीत दाणा अडकला तर जिवावर बेततं. कूट द्या, लाडू द्या, अख्खा दाणा नाही. (जावेच्या बाळाला वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, तेही त्याच सुरात सांग.) दोन, गाडीवर पुढे उभं करून नगर–मनमाड रस्त्यावर न्यायचं नाही. शिर्डीची वाहनं कशी सुसाट जातात ते मामांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून नियमच आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या पोराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पट्टा-हेल्मेट तू आणून दे, मग मामांना नाही म्हणायला जागा उरत नाही.

आणि तिसरी, तुला क्षुल्लक वाटेल ती. "आईला सांगू नको हं." बिस्किट गेलं चुलीत, हे वाक्य घरात नको. पोराला एकदा कळलं की मोठ्या माणसानं सांगितलं तर आईपासून लपवायचं असतं, की ते उद्या कुणाच्याही सांगण्यावरून लपवेल. हे आत्याबाईंना लेकराची काळजी म्हणून सांग, आरोप म्हणून नाही: "तुम्ही द्या हो काय द्यायचं ते, पण माझ्यासमोर द्या. उद्या बाहेरचं कुणी असं म्हणालं तर?" आजीच्या काळजात हे बरोबर उतरतं. मी पाहिलंय, भल्याभल्या कडक सासवा इथे एका शब्दानं विरोध करत नाहीत.

तू नाही म्हटल्यावर पोर आत्याबाईंच्या पदराखाली पळतं ना? त्याचंही एक ठरवून टाका: ज्यानं आधी नाही म्हटलं त्याचं त्या वेळेपुरतं राहील. त्यांनी नाही म्हटलं तर तूसुद्धा देऊ नकोस. हे दोन्ही बाजूंनी पाळलंस तरच चालतं. तूच त्यांचं "नाही" मोडत असशील तर त्यांनी तुझं पाळावं असं कशाला मागतेस?

महिन्याअखेरीला बघ, पोर सातला ताटावर बसतं का. बसत नसेल तर चहाला दोष देत बसू नकोस, दुसरं काही आहे. आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं ना, तिथं आत्याबाईंनाच पाठव. ताई वजन करून तक्त्यावर ठिपका मारतील तो त्यांनी स्वतः बघू दे, तू बरोबर जाऊ नकोस. घरी आल्यावर मात्र विचार, "किती भरलं हो?"