'तुम्ही कसे आहेत?' : मोठ्यांना मेसेज लिहिताना क्रियापदाचं आदरार्थी रूप (इयत्ता तिसरी ते पाचवी)



आदरार्थी बहुवचन हा भाग आपण वर्गात 'सर आले', 'आजोबा बसले' अशा वाक्यांनी शिकवतो. मुलांना तो समजतोही. पण तीच मुलं आजोबांना चार ओळींचा मेसेज लिहायला बसली, की गोंधळ सुरू होतो. कारण 'आजोबा आले' हे आजोबांविषयी बोललेलं वाक्य आहे. मेसेज मात्र थेट आजोबांशी बोलतो. या दोन्हीकडे आदर असला तरी क्रियापद वेगळं लागतं. आजचा पाठ एवढ्याच मुद्द्यावर आहे.

नमुना मेसेज

चौथीच्या वर्गात सहज दिसणाऱ्या चुका एकत्र करून मी हा नमुना तयार केला आहे. फळ्यावर जसाच्या तसा लिहा.

"आजोबा नमस्कार. तुम्ही कसे आहेत? तुमची तब्येत कशी आहेत? तुम्ही गोळी घेतली का? शनिवारी तुम्ही कधी येतात? येताना माझं पुस्तक आण. आई तुमची वाट बघते."

लगेच चुका सांगू नका. आधी एकच प्रश्न विचारा : "हे वाक्य कोणाशी बोलतंय आणि कोणाविषयी बोलतंय?" मग एकेक वाक्य घ्या.

१. 'आहेत' की 'आहात'?

'तुम्ही कसे आहेत?' यात मुलाने आदर दाखवलेला आहे, म्हणून "आदराने लिही" असं सांगून उपयोग नाही. त्याची चूक वेगळी आहे. घरात तो रोज ऐकतो, 'आजोबा आलेत', 'आजोबा झोपले आहेत'. 'आजोबा' या शब्दाला 'आहेत' चिकटून बसलंय. मेसेजच्या सुरुवातीला 'आजोबा' लिहिलं, की मागोमाग 'आहेत' येतं. दुसरं कारण हिंदी. हिंदीत 'आप' आणि 'वे' दोघांनाही एकच 'हैं' चालतं. मराठीत 'तुम्ही'ला 'आहात' आणि 'ते'ला 'आहेत' अशी दोन रूपं आहेत. कार्टून हिंदीत बघणाऱ्या मुलांत ही चूक जास्त दिसते, ती यामुळेच.

फळ्यावर तीन ओळी करा :

- तू : आहेस, येतोस / येतेस, आलास / आलीस, येशील, ये
- तुम्ही : आहात, येता, आलात, याल, या
- ते / त्या : आहेत, येतात, आले / आल्या, येतील

मुलांना लक्षात ठेवायला सोपी ओळ : समोरच्याला 'हा', लांबच्याला 'हे'. म्हणजे समोरच्याला आहात, लांबच्याला आहेत. 'तुम्ही कधी येतात?' मध्येही हेच झालंय. 'येतात' हे 'ते'चं रूप. 'तुम्ही कधी येता?' किंवा 'कधी येणार आहात?' असं हवं.

२. आदर माणसाला, तब्येतीला नाही

'तुमची तब्येत कशी आहेत?' ही चूक हुशार मुलं जास्त करतात. मोठ्यांना बहुवचन लावायचं, हा नियम ती सगळीकडे लावतात. इथे विचारा, "कशी आहे, कोण?" उत्तर येतं, "तब्येत." तब्येत एकच आहे, म्हणून 'कशी आहे'. आजोबांचा आदर 'तुमची' या शब्दात आलेला आहे. तसंच 'तुमचा चष्मा इथे राहिला आहे', 'तुमची काठी सापडली'. चष्म्याला किंवा काठीला बहुवचन नको.

३. 'गोळी घेतली का?'

हे वाक्य बोलण्यात चालतं, ते चूक ठरवू नका. पण लिहिताना 'घेतलीत का?' जास्त स्पष्ट. इथे मुलांना एक गंमत दाखवा. 'घेतली' हे रूप गोळीमुळे आलंय, आजोबांमुळे नाही. गोळी घेतली, गोळ्या घेतल्या, औषध घेतलं. मग आदर कुठे जातो? शेवटच्या 'त'मध्ये : गोळी घेतलीत, गोळ्या घेतल्यात, औषध घेतलंत. 'तू' असेल तर तिथे 'स' येतो : घेतलीस, घेतल्यास, घेतलंस.

मेसेजमध्ये आपण 'तू / तुम्ही' बऱ्याचदा गाळतो. नुसतं 'गोळी घेतलीत का?' लिहिलं तरी तो एक 'त' सगळा आदर सांभाळतो. 'त'ही गाळला, तर हा प्रश्न आजोबांना आहे की दुसऱ्या कोणाविषयी, हे कळत नाही.

४. 'आण' की 'आणा'?

वर सगळीकडे 'तुम्ही' लिहून शेवटी 'आण' आलंय. हे मोठ्यांना लगेच खटकतं, कारण आज्ञा किंवा विनंती करतानाच आदर जास्त जाणवतो. ये–या, आण–आणा, दे–द्या, घे–घ्या, नको–नका अशा जोड्या तोंडी करून घ्या. 'जा' आणि 'खा' यांची रूपं मात्र दोन्हीकडे सारखीच राहतात. तिथे आदर दाखवायला 'तुम्ही' लिहावंच लागतं : 'तुम्ही जेवणानंतर फळ खा.'

५. 'आई वाट बघते' हे बरोबरच

काही मुलं आई मोठी म्हणून 'बघतात' करायला सांगतील. इथे थांबा. घरात आईला 'अगं आई, तू' म्हणत असतील तर 'आई बघते' हेच योग्य. आजीचंही तसंच. कोणाच्या घरी 'आजी, तू कशी आहेस? शनिवारी ये' असतं, तर कोणाच्या घरी 'आजी, तुम्ही कशा आहात? शनिवारी या.' दोन्ही बरोबर. (आजीला 'कशा', आजोबांना 'कसे', हेही दाखवा.) जवळिकीच्या 'तू'ला वर्गात उद्धटपणा ठरवलं, तर मूल आपल्याच आजीशी परक्यासारखं लिहायला लागतं. आपण तपासायचं ते एवढंच : सुरुवातीला जे निवडलं, तेच शेवटपर्यंत टिकलंय का? 'आजी, तू कशी आहेस? शनिवारी या' अशी सरमिसळ झाली तरच लाल पेन.

दुरुस्त मेसेज

"आजोबा नमस्कार. तुम्ही कसे आहात? तुमची तब्येत कशी आहे? गोळी घेतलीत का? शनिवारी कधी येणार आहात? येताना माझं पुस्तक आणा. आई तुमची वाट बघते."

वर्गात घ्यायची कृती (साधारण २० मिनिटं)

प्रत्येक मुलाने एक मोठं माणूस निवडायचं. आधी वहीच्या कोपऱ्यात लिहायचं : 'मी घरी त्यांना ___ म्हणतो / म्हणते' (तू किंवा तुम्ही). मग चार वाक्यांचा मेसेज : एक विचारपूस, एक झालेल्या गोष्टीचा प्रश्न, एक येणाऱ्या दिवसाचा प्रश्न, एक विनंती. लिहून झाल्यावर शेजाऱ्याने फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची आणि ती कोपऱ्यातल्या शब्दाशी जुळतात का ते बघायचं. 'तुमची तब्येत' सारख्या वाक्यात आधी 'कोण?' विचारायचं, मगच चूक म्हणायची.

पालकांनी घरी तोच मेसेज मामा, काकू आणि वर्गशिक्षिका अशा तिघांना बदलून लिहायला सांगावा. मामाला 'तू' आणि बाईंना 'तुम्ही' लिहिताना नेमके कोणते शब्द बदलले, ते मुलालाच मोजू द्या.