पायावरची सरकती रेघ

तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजकडे गेली, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यामागे खाज सुटली. आधी दोन-तीन लाल पुटकुळ्या होत्या. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. मग त्यातल्या एकीतून लाल, किंचित वर आलेली, सुतळीइतकी रेघ निघाली आणि नदीसारखी वळणं घेत तळव्याच्या कडेकडे जायला लागली. दिवसा खाज सोसवायची, रात्री मात्र झोप लागू द्यायची नाही.

काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत मी अनवाणी चाललो होतो. त्यामुळे घरात निकाल लगेच लागला, वारीतून काहीतरी लागलंय. गल्लीतल्या एका मावशींनी 'नागीण' ठरवून गेरूचा लेप सुचवला. आमच्या थोरल्या काकांना तर नारू आठवला. विहिरीचं पाणी गाळून पिण्याच्या काळातले ते. पायातून काडीवर गुंडाळून काढलेला नारू त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. पण नारू पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो, वर्षभराने आतून बाहेर येतो आणि हाताएवढा लांब असतो. शिवाय 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झालाय. नागिणीत पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस अंगाच्या एकाच बाजूला येतात आणि आग होते. ते असे रेघ ओढत पुढे चालत नाहीत.

मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणली. तीन औषधं एकत्र असलेली ही ट्यूब आपल्याकडे घरोघरी सापडते. लाली उतरली, खाज थोडी कमी झाली, रेघ मात्र चालतच राहिली. तेव्हा संध्याकाळी मी बॉलपेनने रेघेच्या टोकाशी एक आडवी खूण केली. सकाळी पाहिलं तर रेघ खुणेच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी गेली होती. नायटा कडेने गोल पसरतो, एका टोकाने पुढे सरकत नाही. खरूजही बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बसते, तिची बिळं जेमतेम तांदळाएवढी असतात.

बारामतीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पायाकडे पाहिलं आणि पेनची खूण पाहून हसले. "गुरुजी, तपासणी तुम्हीच करून आणलीत. रक्त नको, तुकडा काढायला नको. हा कुत्र्या-मांजराच्या आतड्यातला अंकुशकृमी. त्याची अळी वाट चुकलीय."

पुढचं त्यांनी सावकाश समजावलं. कुत्र्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी जमिनीवर पडतात. ओल, ऊब आणि सावली मिळाली की एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते आणि पाच ते दहा दिवसांत कातडीत शिरण्याजोगी होते. जागा ओली राहिली तर ती तीन-चार आठवडे वाट बघत जगते. कुत्र्याच्या अंगात ती कातडी भेदून रक्तात आणि पुढे आतड्यात पोहोचते. माणसाच्या कातडीचा खालचा पडदा फोडायला लागणारा रस तिच्याकडे नसतो. म्हणून ती वरच्याच थरात भटकते आणि तिच्या वाटेला आपण खाजवत बसतो. माणसाचा अंकुशकृमी वेगळा. तोही अनवाणी पायातूनच शिरतो, पण आतड्यात जाऊन रक्त पितो. माझ्या पायातली पाहुणी पोटात जाणार नव्हती, आणि एकाची दुसऱ्याला लागणारही नव्हती.

"मग वारीतच लागली का?" मी विचारलं. त्यांनी उलट प्रश्न केला, "घरात आणखी कोणाला आहे?" नातवाच्या मांडीमागे तशाच दोन रेघा होत्या, आणि नातू वारीला आलाच नव्हता. तिथे गुंता सुटला. आमच्या घराचं वाढीव बांधकाम चालू होतं. वाळूचा ढीग लिंबाच्या सावलीत पडलेला, वर पावसाची भुरभुर. शेजारची कुत्री तिच्या पिल्लांसह तिथेच निजायची. रोज पहाटे भिंतींवर पाणी मारायला मी त्याच ढिगावरून अनवाणी जायचो, आणि नातू दुपारभर चड्डीवर बसून त्यात किल्ले करायचा. आपला भाग कोरडा. तापलेल्या डांबरावर आणि उन्हात भेगाळलेल्या मातीत ही अळी टिकत नाही. तिला दारातली ओली सावली लागते, आणि ती आम्हीच पुरवत होतो. पालखीतल्या कोणी ओल्या झाडाखाली मुक्काम करताना उघड्या अंगाने मातीवर पडू नये, एवढी काळजी पुरे.

उपचार सोपा निघाला. आयव्हरमेक्टिन वजनाच्या किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. माझं वजन साठ किलो, म्हणजे 12 मिलिग्रॅमची एकच गोळी, एकदाच. नाहीतर अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम काही दिवस रोज. दोन्ही डॉक्टरांनी वजन, वय पाहून द्यायची. पंधरा किलोंखालच्या मुलांचा आणि गरोदर बाईचा निर्णय तर त्यांच्यावरच सोडावा. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आपल्याकडे गोठा घराला लागून असतो. गोचिडांसाठी जनावरांना टोचतात तेही आयव्हरमेक्टिनच. नाव एक म्हणून ती बाटली माणसासाठी उघडू नका. मात्रा आणि बनावट दोन्ही जनावरांच्या हिशेबाची असतात.

खाज दोन-तीन दिवसांत ओसरली, रेघ विरायला त्याहून जास्त वेळ लागला. विरती रेघ जागेवर थांबलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. ती पुन्हा पुढे सरकली तर परत दाखवावं, काहींना दुसरी मात्रा लागते. औषध न घेताही ही अळी काही आठवड्यांत मरतेच, पण तोवर नखांनी होणाऱ्या जखमा पिकतात. मधुमेह असेल तर पायाला पू येणं, सूज किंवा ताप यांत एक दिवसही काढू नये. सुईने टोकरणं, चटका देणं, बिब्बा लावणं यांतून काहीच हाती लागत नाही, कारण अळी दिसणाऱ्या टोकाच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. आपण भाजतो ती तिची मागची वाट. ट्यूबमधल्या स्टिरॉइडने लाली दबते आणि ओळख पटायला उशीर होतो, एवढंच.

ढिगाचं काय केलं? चाळणीने अळी अडत नाही, ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ऊन पडलं त्या दिवशी वाळू पातळ पसरून उलटीपालटी करून खडखडीत वाळवली, मग जाड ताडपत्री टाकून कडांवर विटा ठेवल्या. गवंड्याच्या पोरांना बंद बूट दिले. चपलेत वाळू शिरते. कुत्रीला आणि पिल्लांना पशुवैद्यकाकडून जंताचं औषध पाजलं. पिल्लांना हा कृमी आईच्या दुधातूनही मिळतो, म्हणून ती दोन आठवड्यांची झाली की सुरुवात करून दर पंधरवड्याला द्यावं लागतं. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अळी तयार होण्याआधीच विषय संपतो. तिला पाच दिवस तरी लागतातच.

तुमच्या दारात वाळूची गाडी खाली होणार असेल, तर ताडपत्री आधी आणून ठेवा. आणि पायावर रेघ दिसली तर ट्यूब लावण्याआधी पेनने एक खूण करा, रात्र जाऊ द्या, मग तो पाय डॉक्टरांना दाखवा.