बैलाची तक्रार वजनात लिहा

प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार गेली की तिथून कोणी साहेब येतील आणि गाड्या अडवतील, असं आमच्या भागात बऱ्याच जणांना वाटायचं. तसं होत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळ १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेलं आहे. त्याचं कार्यालय आधी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडजवळ आहे. तक्रार आली की मंडळ जिल्हाधिकारी, पोलीस आणि पशुसंवर्धन खात्याला कारवाईसाठी लिहितं. त्या पत्राला वजन असतं, पण रस्त्यावर उभं राहायला इथलंच माणूस लागतं.

कबनूर इचलकरंजीला खेटून आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बाजाराच्या रस्त्यावर भाजीवाले, यंत्रमागाच्या सुताचे टेम्पो आणि उसाच्या बैलगाड्या एकाच वेळी असतात. गतिरोधकावर चाक अडतं, मागून हॉर्न वाजतात, गाडीवान शेपूट पिरगाळतो, पराणी टोचतो आणि बैल डांबरावर गुडघ्यांवर येतो. हे बघवेना म्हणून आम्ही शेजारपाजारच्यांनी सह्या करून मंडळाला अर्ज पाठवला. सोबत फोटो होते. ‘गाड्या बेसुमार भरतात, बैलांचे हाल होतात’ असं लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं.

पत्र खाली आलं, एका कार्यालयातून दुसऱ्यात गेलं आणि चौकशीला माणूस आला तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. कोणती गाडी, किती वजन, बैल कोणाचा, यातलं काहीच आता ठरवता येणार नव्हतं. शिवाय या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. त्यानंतर पुरावा कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. म्हणून अर्ज मंडळाला पाठवायचाच, पण त्याच दिवशी त्याची प्रत पोलीस ठाण्यात, पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यायची.

पोलीस ठाण्यात जास्त ओझ्याची तक्रार बहुतेक वेळा अदखलपात्र म्हणून नोंदवतात. कायद्यातच ते तसं आहे, त्यावरून ठाणे अंमलदाराशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र १९६५चे ओझ्याच्या जनावरांचे नियम पोलिसांना एक मोठा अधिकार देतात. शिपायाच्या वरच्या हुद्द्याच्या पोलिसाला गाडी जादा भरलीय असं सकारण वाटलं, तर तो ती काट्यावर न्यायला लावू शकतो. वजनाचा सहीचा कागदही मालकाला द्यायचा असतो. ‘गुन्हा नोंदवा’ म्हणण्याऐवजी ‘हवालदारसाहेब, ही गाडी काट्यावर घ्या’ असं म्हटल्यावर पुढच्या हंगामात आमचं काम हललं.

ते कसं हललं ते सांगते. एका संध्याकाळी टायरगाडीची एक जोडी चढाला थांबली. उजव्या बैलाचा खांदा आला होता आणि जुवाखाली ओली जखम होती. आम्ही गाडी स्वतः अडवली नाही. भर बाजारात जुंपलेले बैल बुजले तर माणसं चेंगरतात, आणि जमाव जमला की गाडीवान घाबरून मारत सुटतो. फोन करून हवालदारांना बोलावलं. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते, तिथेही कळवलं.

नियमात ओझ्याची मर्यादा बैलाच्या वजनावर ठरते, आणि बहुतेक तक्रारी इथेच पडतात. दोनशे किलोपर्यंतचा बैल लहान, त्यावर साडेतीनशेपर्यंत मध्यम, त्याहून जड तो मोठा. दोनचाकी गाडीला नुसते हवेचे टायर असतील तर मध्यम बैलाला १०५० किलो, बॉल बेअरिंग असेल तर १४०० किलो. जोडीला याच्या दुप्पट. मोठ्या बैलाला बेअरिंगच्या गाडीवर १८०० किलो चालतात, म्हणजे धष्टपुष्ट खिलारी जोडीमागे बराच जास्त ऊस नियमात बसू शकतो. डोळ्यांनी गाडी भरगच्च दिसली म्हणून ती नियमाबाहेर असतेच असं नाही.

त्या संध्याकाळी आलेल्या डॉक्टरांनी एका बैलाला फीत लावली. छातीचा घेर ६४ इंच, खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी ५४ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, हे त्यांचं गणित. ते साधारण ३३५ किलो आलं. दुसरा बैल त्याहून हलका होता. दोन्ही मध्यम. काट्यावर भरल्या गाडीचं वजन ३७२० किलो भरलं, रिकामी गाडी ६४०. म्हणजे नुसता ऊसच ३०८० किलो. बेअरिंग धरून सर्वांत सैल मर्यादा लावली तरी जोडीला २८०० होतात. गाडीचं वजन बाजूला ठेवूनही २८० किलो जादा, त्यामुळे वादाला जागा उरली नाही.

कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन होतंच, आणि ते पावतीवर छापलेलं असतं. ऊसगाडीबाबत याहून चांगला पुरावा नाही. अर्जात तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक लिहा आणि त्या दिवसाची काटा पावती मागवून घेण्याची विनंती करा.

वजन नियमात असलं तरी जखमी बैल जुंपणं हा वेगळा गुन्हा आहे. म्हणून फोटो लांबून गाडीचा नको, जवळून जुवाखालचा हवा. ऊस पुढे जास्त रचला की गाडी धुरजड होते आणि सगळा भार मानेवर येतो. खांदेसूज त्यातूनच वाढते. इस्लामपूरच्या राजारामबापू अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०२२मध्ये जुवाखाली आधाराचं फिरतं चाक बसवून दाखवलं होतं, ते याच दुखण्यावर. जुवाला किंवा दांडीला खिळे लावलेले दिसले, पराणीला टोकदार आर दिसली, तर तेही टिपा. अशी साधनं नियमाने बंद आहेत.

त्या रात्री गाडीवान मला म्हणाला, “काकू, हलकी गाडी नेली तर उचल कधी फिटायची? टनावर पैसे हाय माझे.” तो बीडकडचा होता, बायको सोबत होती, पोर पाल्याच्या भाऱ्यावर झोपलं होतं. त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. त्याला एकट्याला धरून बैल वाचत नाहीत. कायदा मालकालाही धरतो. योग्य ती देखरेख ठेवली नाही तर तोही गुन्हेगार ठरतो. बैल एकाचे, गाडी दुसऱ्याची, उचल मुकादमाची असा प्रकार असतो, म्हणून अर्जात ‘गाडीवान, मालक व ज्यांच्या सांगण्यावरून वाहतूक झाली ते’ असं लिहावं.

पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. कित्येक दशकं तशीच राहिलेली ही रक्कम मला लाजिरवाणी वाटते, आणि कायदा बदलेपर्यंत दंडाच्या मागे लागण्यात शक्ती घालवू नये असंही वाटतं. तिथल्या तिथे ओझं उतरवणं आणि डॉक्टरांचा ‘कामास अयोग्य’ हा दाखला, हे दोन मागावेत. आमच्या प्रकरणात जादा ऊस ट्रॅक्टरवर चढवला, उजवा बैल सोडला आणि दाखल्याची प्रत मंडळाला जुन्या अर्जाच्या क्रमांकासह पाठवली. या वेळी वरून आलेल्या पत्रात वजनं होती, म्हणून खालच्या कार्यालयाला ‘तथ्य आढळले नाही’ असं लिहून फाइल बंद करता आली नाही. वाहतूकदारांची बैठक बोलावली गेली.

हंगाम लांबून मार्च आला तर अर्जात वेळही जरूर लिहा. पारा सदतीसच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन बैल जुंपता येत नाही, आणि एरवीही दिवसात नऊ तासांहून जास्त किंवा सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही. कारखान्याच्या रांगेत जुंपून ठेवलेल्या बैलांचे तास कोणी मोजत नाही. ते आता आम्ही मोजतो.