मालकाने नवा करार पाठवलाय? सही करण्याआधी हे तीन आकडे काढा

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे : "सर, गाळ्याचा करार संपतोय, मालक भाडं वाढवून मागताहेत, काय करू?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

समजा, तुमचं नाशिकमध्ये सोसायटीच्या तळमजल्यावर स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाडं 22,000, डिपॉझिट दीड लाख. तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार दोन महिन्यांनी संपतोय. मालकाचा प्रस्ताव असा : भाडं 27,000. पहिले 24 महिने तुम्ही जागा सोडायची नाही, सोडलीत तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. मालक मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकेल. सोसायटीचा मेंटेनन्स 1,800 रुपये, जो आजवर मालक भरत होता, तो आता तुमच्याकडे. आणि "सर्व दुरुस्त्या लायसन्सीने कराव्यात."

पहिला आकडा : खरी वाढ. वाढ 5,000 ची दिसते, पण मेंटेनन्स धरला की ती 6,800 होते. म्हणजे 23 नाही, जवळपास 31 टक्के. आता हे पैसे विक्रीतून कसे निघतील ते बघा. शंभर रुपयांच्या विक्रीत तुम्हाला 30 रुपये सुटत असतील, तर 6,800 साठी महिन्याला साधारण 22,700 रुपयांची जादा विक्री हवी. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज पावणेनऊशे रुपये. शेजारी नवी शाळा किंवा क्लास येणार असेल तर ठीक आहे. नसेल, तर ही वाढ थेट तुमच्या खिशातून जाणार.

दुसरा आकडा : लॉक-इनचा धोका. धंदा बसला आणि नऊ महिन्यांनी दुकान बंद करावं लागलं, तर उरले 15 महिने. 15 गुणिले 27,000 म्हणजे 4,05,000 रुपये. मालक आधी डिपॉझिटला हात घालणार. एवढी रक्कम त्याला मिळेल की नाही यावर कोर्टात वाद घालता येतो, पण छोट्या दुकानदाराला त्यात अडकणं परवडत नाही. उलट बाजूही बघा. तुम्ही दीड लाखाचं नवं फर्निचर केलंत आणि चौथ्या महिन्यात नोटीस आली, तर? लॉक-इन एकतर्फी असेल तर बांधले फक्त तुम्ही जाता.

तिसरा आकडा : दुरुस्ती. "सर्व दुरुस्त्या" या दोन शब्दांत स्लॅबची गळतीही येते. पावसाळ्यात कागद आणि मशिन भिजलं की हे कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. मागच्या तीन वर्षांत गळती, मेन वायरिंग, ड्रेनेज यांवर कोणी किती खर्च केला, ते लिहून काढा. हा आकडा बोलणी करताना समोर ठेवायचा.

आता उलट प्रस्ताव लेखी पाठवा, करार संपायच्या आत. उदाहरणार्थ : भाडं 25,000, पुढे दरवर्षी 5 टक्के वाढ. तुमचा लॉक-इन 6 महिने, नंतर दोन महिन्यांची नोटीस. मालकाचा लॉक-इन 24 महिने. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मालकाकडे. स्लॅब, भिंती, मुख्य पाइप आणि वायरिंग मालकाने कळवल्यापासून 15 दिवसांत दुरुस्त करायचं. नाही केलं तर तुम्ही करून बिलासह भाड्यातून वळतं करायचं. नळ, दिवे, शटरचं ऑइलिंग तुमच्याकडे.

मालक का ऐकेल? गाळा दोन महिने रिकामा राहिला तर त्याचे 44,000 जातात, वर दलाली. वेळेवर भाडं देणारा माणूस त्यालाही हवाच असतो. हे शांतपणे सांगा, धमकीच्या सुरात नको.

तरीही तो भाड्यावर अडला, तर मी भाड्यात थोडं नमतं घेईन, लॉक-इनमध्ये नाही. वाढीव भाडं दर महिन्याला दिसतं, त्याचा हिशेब मांडता येतो. लॉक-इनचा फटका मात्र धंदा पडलेला असतानाच बसतो.

शेवटचं. "अहो, गळतीचं मी बघतो ना" हे फोनवरचं बोलणं धरू नका, करारात घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोण देणार, तेही आधीच ठरवा.

तुमच्या प्रस्तावातलं लॉक-इनचं कलम आज पुन्हा वाचा. त्यात "दोन्ही पक्ष" असं लिहिलंय की फक्त "लायसन्सी"? कमेंटमध्ये सांगा.