पुनर्विवाहानंतर मुलाचं नाव: आडनाव बदलायचं आहे की वडील?

महाराष्ट्रात मुलाच्या नावाच्या मधोमध वडिलांचं नाव असतं. त्यामुळे आईने पुनर्विवाह केला की प्रश्न फक्त आडनावाचा राहत नाही. शाळेच्या हजेरीत मुलाचं नाव पुकारलं जातं तेव्हा मधलं नाव एका माणसाचं आणि घरी ज्याला तो बाबा म्हणतो तो माणूस दुसराच, हे वर्गातल्या पोरांच्या लगेच लक्षात येतं. मग आई अर्ज घेऊन शाळेत जाते, ‘नाव बदलून द्या’ म्हणते, आणि मुख्याध्यापक तिला परत पाठवतात. बहुतेक वेळा याचं कारण असं की त्या अर्जात दोन वेगळ्या मागण्या एकत्र केलेल्या असतात.

आडनाव बदलणं म्हणजे नाव बदलणं. मधलं नाव बदलणं म्हणजे कागदोपत्री वडील बदलणं, आणि ते दत्तकविधानाशिवाय होत नाही. आईचं दुसरं लग्न झालं म्हणून तिचा नवरा कायद्याने मुलाचा वडील ठरत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये तर स्पष्टच म्हटलं आहे की सावत्र वडील आणि सावत्र आई हे नैसर्गिक पालक नव्हेत. म्हणून अर्जावर ‘पालक’ म्हणून सही आईचीच हवी. सावत्र वडिलांच्या सहीचा अर्ज तिथेच बाद होतो.

समजा, मुलाचं नाव अथर्व संदीप जाधव. वय बारा, सातवीत. संदीप वारले. आईने महेश मोरे यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. महेशना पहिल्या लग्नाची एक मुलगी आहे. आईसमोर दोन वाटा आहेत: मुलाला ‘अथर्व संदीप मोरे’ करणं किंवा ‘अथर्व महेश मोरे’ करणं.

पहिली वाट सोपी. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं की, वडिलांच्या निधनानंतर आई ही एकमेव नैसर्गिक पालक असते आणि मुलाचं आडनाव काय असावं हे ती ठरवू शकते. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आईच्या नव्या पतीची नोंद कागदपत्रांत ‘सावत्र वडील’ अशी करायला सांगितलं होतं. असं करणं मुलाच्या मनाचा विचार न करणारं आणि जवळजवळ क्रूर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. या निकालाची प्रत अर्जाला जोडावी. ‘पहिल्या सासरच्यांची ना हरकत आणा’ असं कोणी सांगितलंच, तर या प्रतीचा उपयोग होतो.

आडनावासाठी आईने प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या dgps.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर भरता येतो. मूल अज्ञान असल्याने अर्जदार आई असते. संदीप यांचा मृत्यू दाखला, आईचा विवाह नोंदणी दाखला, मुलाचा जन्म दाखला आणि बोनाफाईड हाताशी ठेवावेत. जुनं नाव शाळेच्या नोंदीत जसं लिहिलं आहे तसंच, काना-मात्रेसह टाकावं. राजपत्रात ‘जाधव’ आणि रजिस्टरात ‘जाधव (पाटील)’ असं असेल, तर पुढे शिक्षण खातं त्रुटी काढून प्रस्ताव परत पाठवतं. राजपत्राने मधलं नाव मात्र बदलत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी दुसरं नाव टाकून जाहिरात छापून आणली, तरी तिने कुणी वडील होत नाही.

दुसरी वाट दत्तकाची. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार वडील हयात नसतील तर आई एकटी मूल दत्तक देऊ शकते, आणि तिचा पती ते तिच्या संमतीने घेऊ शकतो. अटी मोजक्या आहेत, पण त्यातल्या एकीवर बरेच जण अडतात. मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला स्वतःचा हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा; मुलगी घ्यायची असेल तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. महेशना मुलगी आहे, मुलगा नाही, म्हणून ते अथर्वला दत्तक घेऊ शकतात. त्यांना मुलगा असता तर या कायद्याचा रस्ता बंद झाला असता. मुलाचं वय पंधराच्या आत हवं. त्याहून मोठं मूल घेण्याची समाजातली प्रथा सिद्ध करता आली तरच अपवाद. पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं.

दत्तक म्हणजे फक्त स्टॅम्प पेपर नव्हे. मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं झालं पाहिजे. दत्तहोम सक्तीचा नाही. घरी चार माणसांसमोर आईने मुलाचा हात महेशच्या हातात दिला तरी पुरे. त्याचे फोटो काढून ठेवावेत. मग दुय्यम निबंधक कार्यालयात दत्तकपत्र नोंदवावं. त्यात देण्याघेण्याची तारीख आणि जागा, पत्नी म्हणून आईची संमती, संदीप यांच्या मृत्यूचा तपशील, मुलाचं जुनं पूर्ण नाव आणि दत्तकानंतरचं पूर्ण नाव या गोष्टी हव्यातच. देणारी आणि घेणारा, दोघांच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी विरोध करणाऱ्यावर येते. नवं पूर्ण नाव लिहायचं राहून गेलं की शाळा आणि महापालिका दोघीही अडवतात.

दत्तकपत्र करण्याआधी एक गोष्ट शांतपणे समजून घ्यायला हवी. दत्तकाच्या दिवसापासून जन्मदात्या वडिलांच्या घराशी मुलाचं कायद्याचं नातं संपतं. संदीप यांच्या मृत्यूनंतर जे अथर्वच्या नावे आधीच झालं आहे ते त्याचंच राहतं. पण जाधव आजोबा हयात असतील, तर त्यांच्या पश्चात मृत मुलाचा मुलगा म्हणून मिळू शकणाऱ्या वाट्यावर त्याला पुढे हक्क सांगता येत नाही. केलेलं वैध दत्तक नंतर रद्दही करता येत नाही. म्हणून आधी सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेतली आणि विम्याची रक्कम, कुटुंब निवृत्तिवेतन हे सगळं मार्गी लावा, आणि मगच दत्तकाचा विचार करा. गावाकडे आजोबांची जमीन असेल आणि नवीन घरात नात्याला कागदाची निकड नसेल, तर फक्त आडनाव बदलून थांबणं मुलाच्या हिताचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दत्तकपत्र झालं की पुढचा क्रम महत्त्वाचा: आधी जन्मनोंद, मग आधार, मग शाळा. अर्ज जन्म जिथे नोंदला गेला तिथेच करावा लागतो. पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी झालेलं असतं, त्यामुळे राहायला पुण्यात असलात तरी निबंधक माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असतो. मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात लिहिली जाते आणि तिच्या आधारे नवा दाखला मिळतो. काही निबंधक नोंदणीकृत दत्तकपत्र पाहूनही न्यायालयाचा आदेश मागतात. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. त्या लेखी नकारावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी न्यायालयात, दत्तक वैध असल्याचं जाहीर करून मागण्यासाठी, जाता येतं.

दत्तक न करता ‘जन्मनोंदीतून वडिलांचं नाव काढा’ असा अर्ज करू नये. नोंद केली तेव्हा ती खरी होती, आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ चुकीच्या नोंदींसाठी आहे.

शाळेत नाव बदलायचं म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखलखारीज रजिस्टर, बदलायचं. मुख्याध्यापक ते स्वतःच्या अधिकारात बदलत नाहीत. आईच्या अर्जासोबत रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा, नवा जन्म दाखला किंवा राजपत्र, आणि दत्तक झालं असेल तर दत्तकपत्र जोडून शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, प्रस्ताव पाठवते. मंजुरीचा आदेश आला की त्याचा क्रमांक व तारीख टाकून रजिस्टरात दुरुस्ती होते. ती झाल्यावर नोंदीची साक्षांकित प्रत मागून घ्या. नुसत्या हजेरीपत्रकावर नवीन नाव चढलं म्हणून काम झालं असं समजू नका. रजिस्टर जुनंच राहिलं तर शाळा सोडल्याचा दाखला जुन्याच नावाने निघतो. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत, म्हणजे सरल आणि यूडायसमध्येही, दुरुस्ती झाली का ते विचारा.

माध्यमिक शाळा संहितेनुसार असा बदल मूल त्या शाळेत शिकत असतानाच करून घ्यायचा असतो. शाळा सोडल्यानंतर फक्त उघड चुका दुरुस्त होतात. म्हणून शाळा बदलण्याआधी आणि कोणत्याही परिस्थितीत दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी हे संपवा. नववी लागली की लगेच सुरुवात करा.

मूल राखीव प्रवर्गातलं असेल तर आणखी एक काळजी. आईच्या लग्नाने किंवा आडनाव बदलल्याने मुलाची जात बदलत नाही, आणि जात पडताळणीला वडिलांकडच्या नातेवाइकांचे कागद लागतात. नावबदलाच्या ओघात शाळेने जातीच्या रकान्याला हात लावू नये, हे अर्जातच लिहा. शक्य असेल तर जातीचा दाखला जुन्या नावाने आधीच काढून घ्या.

घटस्फोटानंतरचं प्रकरण वेगळं. वडील हयात असताना ताबा आईकडे असला तरी त्यांचं पालकत्व संपत नाही. दत्तकाला त्यांची संमती लागतेच, आणि आडनावासाठीही त्यांची लेखी ना हरकत किंवा न्यायालयाचा आदेश मागितला जातो. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना समझोत्याच्या अटींमध्येच मुलाचं आडनाव आई ठरवेल असं कलम घालून घ्यावं. नंतर ही सही मिळवणं फार कठीण जातं. हिंदू कायदा लागू नसेल किंवा नव्या पतीला आधीच मुलगा असेल, तर बाल न्याय कायद्याखाली सावत्र पालकाने दत्तक घेण्याची सोय आहे. ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरून होते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन त्याची चौकशी करावी.

काम पूर्ण झाल्यावर जुना जन्म दाखला, जुनं बोनाफाईड, संदीप यांचा मृत्यू दाखला, राजपत्र आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश एकाच फाईलमध्ये ठेवा आणि त्यातला एकही कागद टाकून देऊ नका. जात पडताळणी, पासपोर्ट किंवा वारसाहक्क, यांपैकी कुठे ना कुठे ‘जाधव’ आणि ‘मोरे’ हा एकच मुलगा आहे हे त्याला पुन्हा दाखवावं लागणारच आहे.