+४५० म्हणजे ४५० नव्हे

माहीम-केळवे पट्ट्यात समुद्र जवळ असल्याने विहिरीचं पाणी मचूळ होण्याची धास्ती बागायतदाराला कायम असते. अशाच विहिरींच्या अभ्यासाचा एक तक्ता माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात माहीमपुढे टीडीएसचा सहगुणक ४५० होता आणि खाली निष्कर्ष होता: ‘५००च्या आत, पाणी चांगलं.’ भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणून तसं वाटलं असावं. पण तो आकडा माहीमच्या पाण्याचा नव्हताच.

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तक्त्यातल्या तीन गावांपैकी बोईसरची सरासरी ५००, केळव्याची ९००, माहीमची ९५० धरा. गावाचं नाव समीकरणात थेट घालता येत नाही, म्हणून प्रत्येक गावासाठी ० किंवा १ असा डमी चल करतात. तीन गावं असली तरी डमी दोनच. तिन्ही घातले तर त्यांची बेरीज नेहमी १ येते, स्थिरपदाशी ती तंतोतंत जुळते आणि उत्तर एकमेव राहत नाही. वगळलेलं गाव हा आधारगट. ‘आर’मध्ये नावं रोमन लिपीत असतील तर वर्णक्रमाने पहिलं म्हणून बोईसर आपोआप आधार होतं.

मग तक्ता असा येतो: स्थिरपद ५००, केळवे +४००, माहीम +४५०. यातलं ५०० हे बोईसरचं पाणी आणि ४५० हा बोईसरपासूनचा फरक. माहीमचं पाणी हवं असेल तर दोन्ही मिळवायचे: ९५०. म्हणजे मर्यादेच्या बरंच वर.

आधार बदलून पाहा:

```r
d$gaav <- relevel(factor(d$gaav), ref = "Mahim")
m <- lm(tds ~ gaav, data = d)
drop1(m, test = "F")
```

आता स्थिरपद ९५०, बोईसर −४५०, केळवे −५०. प्रत्येक गावाचा अंदाज तोच राहतो, R² तेच राहतं. बदलतो तो फक्त प्रश्न. पहिल्या तक्त्यात केळव्यापुढे सार्थकतेची खूण असू शकते आणि इथे नसू शकते, कारण तिथे तुलना बोईसरशी होती, इथे माहीमशी आहे. म्हणून एका गावापुढे खूण नाही एवढ्यावरून ते गाव काढून टाकू नका. गावागावांत मुळात फरक आहे का, हे कोडच्या शेवटच्या ओळीतली एफ-चाचणी सगळ्या डमींना एकत्र घेऊन सांगते.

आधारगटात विहिरी मोजक्याच असतील तर सगळे फरक त्या डळमळीत सरासरीपासून मोजले जातात आणि प्रत्येकाची प्रमाणत्रुटी फुगते. भरपूर नोंदी असलेलं, ज्याच्याशी तुलना खरोखर हवी ते गाव आधार घ्या. खोलीसारखा चल जोडलात तर स्थिरपद शून्य खोलीच्या विहिरीचं होतं. ते टाळण्यासाठी खोलीतून तिची सरासरी आधी वजा करा. आणि तक्त्याच्या मथळ्यात ‘आधारगट: माहीम’ लिहून शेजारी प्रत्येक गावाचा अंदाजित टीडीएस द्या. मर्यादेशी तुलना त्याच रकान्याची करायची.