आधी पातळ पुस्तक, तेही दिवसा

पोरी, परवा फोनवर म्हणालीस, 'मामा, चार महिने झाले, मन उठतच नाही. वाचावंसं वाटतं, पण वाचून अजून खाली गेले तर?' भीती खरी आहे. कारंज्याला होतो तेव्हा मीही त्यातून गेलो, आणि अच्युत गोडबोल्यांचं जाडजूड 'मनात' घेऊन बसलो. पुस्तक चांगलंच आहे, पण ते मानसशास्त्राचा अख्खा इतिहास सांगतं. चाळिसाव्या पानावर मिटलं आणि वर वाटलं, आपल्याला साधं वाचताही येत नाही. अगं, या आजारात लक्ष टिकत नाही, ते लक्षणच आहे! दोष पुस्तकाचाही नाही, तुझाही नाही.

म्हणून तू मॅथ्यू जॉनस्टनच्या 'आय हॅड अ ब्लॅक डॉग'पासून सुरू कर. २००५ चं चित्रांचं पुस्तक आहे, इंग्रजी सोपं, पानावर एखाद-दोन ओळी. नैराश्य म्हणजे सोबत फिरणारा काळा कुत्रा. तो कधीच येणार नाही, असं लेखक सांगत नाही. त्याला ओळखता येतं, आवरता येतं, इतकंच म्हणतो. प्रामाणिक पुस्तक मी यावरूनच ओळखतो. 'एकवीस दिवसांत आनंदी व्हा' छापाचं दिसलं की खाली ठेव.

पुढे कधी विल्यम स्टायरनचं 'डार्कनेस व्हिजिबल' घेशील. १९९० चं, शंभर पानांच्या आतलं. डिप्रेशन हा शब्दच या दुखण्याला फार मिळमिळीत आहे, असं हा कादंबरीकार म्हणतो. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, कोणाला तरी कळलंय. पण त्यात आत्महत्या केलेल्या लेखकांबद्दल बरीच पानं आहेत. मी ती रात्री अकराला वाचली आणि दोन रात्री डोळा लागला नाही. तू ती पानं सोड. सरळ शेवटाकडे जा, तिथे तो दवाखान्यात भरती होऊन सावरतो.

मराठीत हवं असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव' बघ. पण ते विचार तपासायला लावतं, म्हणून थोडं बरं वाटायला लागल्यावरच.

वाचायचं सकाळी, चहानंतर, दहा मिनिटं. खूण म्हणून एसटीचं तिकीट ठेव. मिटल्यावर तासाभराने स्वतःला विचार, छाती हलकी आहे की जड? सलग तीन दिवस जड वाटली तर पुस्तक बाजूला. आणि हे बघ, चार महिने म्हणजे पुस्तकाआधी डॉक्टर. वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी कर, मी येतो सोबत. औषध दिलं तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आठव्या दिवशी सोडू नकोस.

जगूच नये असं मनात आलं तर मात्र पान उलटायचंही नाही, आधी मला उठव, रात्रीचे दोन असले तरी. मी नाही उचलला तर १४४१६, टेलिमानस, फुकट आहे. त्या तिकिटाच्या मागेच लिहून ठेव.